घामानं वेडावलेलं घड्याळ: घोस्ट टचच्या एका तक्रारीचा तपास

पार्श्वभूमी

बोट न लावताही स्क्रीनला स्पर्श झाला असं घड्याळाला वाटतं, त्याला घोस्ट टच म्हणतात. हे प्रकरण ठाण्यातल्या आमच्या धावण्याच्या गटातलं आहे. ज्यांचं आहे त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांना इथे नुसतं ताई म्हणतो. वय चाळिशीच्या पुढे, बँकेत नोकरी, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू. त्यांच्या हातात पूर्ण टचवर चालणारं, बाजूला दोन बटणं असलेलं स्मार्टवॉच होतं. वॉरंटी संपून काही महिने झाले होते.

महिना ऑक्टोबरचा होता. पाऊस गेलेला, हवेतला दमटपणा मात्र तसाच. उपवन तलावापासून येऊरचा चढ चढायला लागलं की पहिल्या वळणालाच कोपरापासून मनगटापर्यंत घामाची धार लागते. कोरड्या हवेत घाम अंगावरच उडून जातो. आपल्याकडे तो ओघळत खाली येतो आणि घड्याळापाशी थांबतो. या प्रकरणात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

समस्या

लांब पल्ल्याच्या रविवारी ताईंच्या घड्याळात तीन प्रकार सुरू झाले. धावणं मधेच आपोआप ‘पॉज’ व्हायचं आणि त्यांच्या लक्षात यायचं ते दोन-तीन किलोमीटरनंतर. कधी स्क्रीन स्वतःहून सरकत सेटिंग्जमध्ये जायची. एकदा तर पहाटे सहाला घड्याळानं त्यांच्या आईला फोन लावला. मुलगी धावायला गेलीय आणि फोनवर नुसता धापा टाकल्याचा आवाज येतोय, हे ऐकून त्या माउलीची काय अवस्था झाली असेल! तेव्हापासून ताईंना ही तक्रार किरकोळ वाटेनाशी झाली.

तिसरा प्रकार याच्या उलट होता. धावणं संपल्यावर ‘थांबवा’ हे बटण दाबलं तर ते लागायचंच नाही. पाच-सहा वेळा जोरात दाबल्यावर कधी लागायचं, कधी अख्खी स्क्रीन काळी व्हायची.

“सर, एक तर हे स्वतःच सगळं दाबतंय, नाही तर मी दाबलेलं ऐकत नाही. दोन्ही एकाच वेळी कसं होईल?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं, आणि ते समजल्याशिवाय उपाय निवडता येत नाही.

पाणी टचला का फसवतं

स्क्रीनच्या काचेखाली विजेच्या अतिशय बारीक, पारदर्शक रेषांची जाळी असते. त्या रेषा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे किंचित विद्युतभार साठलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार बोटाकडे वळतो, कारण आपलं शरीर वीज वाहतं आणि आकारानं मोठं असतं. टचची चिप ही जाळी सेकंदाला अनेक वेळा तपासते आणि जिथे फरक पडला तिथे बोट आहे असं धरते. तुम्ही किती जोरात दाबता याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

आता पाण्याचं बघू. काचेच्या मधोमध सुटा थेंब पडला तर तो कशालाच जोडलेला नसतो. त्याच्यामुळे होणारा फरक बोटासारखा दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच चिपा तो ओळखून बाजूला टाकतात. पण तोच थेंब पसरून कडेच्या धातूला लागला आणि तो धातू मनगटाला टेकलेला असला, तर तो पाण्याचा थर म्हणजे शरीराचाच लांबलेला भाग होतो. चिपला तिथे भलं मोठं बोट दिसतं. त्यात घामात मीठ असतं, म्हणून तो नळाच्या पाण्यापेक्षा वीज जास्त चांगली वाहतो.

टच न लागण्याचं कारणही यातच आहे. ओल्या काचेवर बोट ठेवलं की भारातला फरक बोटापुरता न राहता पाण्याच्या थरातून पसरतो. चिपला वाटतं तळहात टेकला, आणि तळहाताचा स्पर्श तर तिनं दुर्लक्षित करायचाच असतो. बऱ्याच घड्याळांत तळहातानं स्क्रीन झाकली की ती बंद होते. ताईंची स्क्रीन काळी पडत होती ती यामुळे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ‘कोणीही स्पर्श करत नाही’ ही अवस्था कशी दिसते याची नोंद चिप स्वतःकडे ठेवते आणि ती हळूहळू बदलत राहते. काच ओली असताना घड्याळ रीस्टार्ट केलं तर ओली काच हीच तिची मूळ अवस्था ठरू शकते. मग काच पुसली की फरक उलट दिशेनं पडतो आणि काही वेळ कोरड्या काचेवरही टच चुकतो. ताई वैतागून येऊरच्या रस्त्यावर नेमकं हेच करत होत्या: टी-शर्टला पुसायचं आणि रीस्टार्ट करायचं. टी-शर्ट घामानं चिंब, म्हणजे पुसणं हे खरं तर पाणी पसरवणं होतं.

समोर असलेले पर्याय

ताई माझ्याकडे आल्या तोवर सेवा केंद्रात जाऊन आल्या होत्या. तिथे घड्याळ कोरडं असताना तपासलं, काही दोष सापडला नाही. तरी ‘डिस्प्ले बदलून बघू’ असं सुचवलं गेलं. खर्च घड्याळाच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जात होता. घरच्यांचं म्हणणं, त्यापेक्षा बटणांवर चालणारं धावण्याचं घड्याळच घ्या. गटातल्या एकानं सगळं पुसून फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं, दुसऱ्यानं टच लॉक लावून धावायला.

यातले पहिले दोन पर्याय पैशाचे होते, म्हणून ते सर्वांत शेवटी ठेवायचं ठरवलं. रीसेटमध्ये पैसे जात नाहीत, पण सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. समजा त्यानंतर फरक पडला, तर तो कशामुळे पडला हे कळणार नव्हतं. लॉक उपयोगी होता, पण तो लक्षण झाकतो. पावसात किंवा पोहताना लॉक लावणं योग्यच आहे. मात्र चांगलं घड्याळ नुसत्या घामानं स्वतःहून फोन लावण्यापर्यंत जाऊ नये. ताईंच्या घड्याळाचं पहिलं वर्ष सुरळीत गेलं होतं, तेव्हाही त्या याच रस्त्यावर, याच हवेत धावत होत्या. मग मधे काय बदललं, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

विचारल्यावर दोन गोष्टी कळल्या. उन्हाळ्यात घड्याळ दारावर आपटलं होतं. काही झालं नाही, पण धास्ती बसली म्हणून त्यांनी बाजारातून पूर्ण झाकणारं कडक प्लास्टिकचं कव्हर आणलं. त्यात वरची काच जोडलेलीच असते आणि ते घड्याळावर नुसतं खटकन बसतं. कव्हर लावल्यावर टच मंद झाला, कारण बोट जाळीपासून लांब गेलं. म्हणून मुलानं सेटिंग्जमधून टचची संवेदनशीलता वाढवून दिली. हातमोजे घालून वापरता यावं यासाठी असणारा तो पर्याय. तेव्हा सगळं सुरळीत झालं आणि पुढे ही गोष्ट विस्मरणात गेली.

तपासणी

संशय कव्हरवर होता, पण संशयावर निर्णय नको. शनिवारी दुपारी ताईंच्या स्वयंपाकघरात आम्ही ही चाचणी केली. ती कुणालाही करता येईल, फक्त घड्याळ पाण्यात चालणारं, म्हणजे ५ एटीएमसारख्या दर्जाचं असावं आणि काच किंवा कड तडकलेली नसावी. तो दर्जा पाणी आत जाणार नाही एवढंच सांगतो. ओल्या काचेवर टच चालेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

घामासारखं पाणी करायला अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम मीठ विरघळवलं. माणसाच्या घामातलं मीठ व्यक्तीनुसार बदलतं, पण हे प्रमाण त्याच्या पल्ल्यात बसतं. मग घड्याळात कॅल्क्युलेटर उघडला. कॅल्क्युलेटरचा फायदा असा, की खोटा स्पर्श झाला की आकडा उमटतो, आणि कोणता आकडा उमटला यावरून काचेवरची जागा कळते.

कव्हर लावून, कोरडं घड्याळ हातात: पाच मिनिटं काहीच उमटलं नाही. सेवा केंद्रानं पाहिलं ते हेच. मग वरून नळाच्या पाण्याचे थेंब टाकले. एखाद-दुसरा आकडा उमटला, पुसल्यावर थांबला.

नंतर मिठाचं पाणी कोपराकडून घड्याळाकडे ओघळू दिलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालच्या ओळीतले आकडे उमटू लागले आणि थांबेचनात. ताईंनी वरची काच कोरड्या कापडानं लख्ख पुसली तरी आकडे येतच राहिले. घड्याळ काढून लाकडी टेबलावर ठेवलं, तर जवळजवळ थांबले. पुन्हा मनगटावर बांधलं, पुन्हा सुरू. पाणी शरीराला जोडलं गेल्यावरच खोटा स्पर्श होतो, हे यापेक्षा स्पष्ट दिसणं कठीण आहे.

कव्हर काढलं. खालच्या अर्ध्या भागात, कव्हरची काच आणि घड्याळाची काच यांच्यामधल्या फटीत पाणी पसरलेलं होतं. कडेला मिठाचा पांढरा पट्टा होता आणि तो आजच्या पाण्याचा नव्हता, कित्येक रविवारांचा घाम तिथे वाळला होता. इतक्या अरुंद फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि वारा लागत नसल्यानं तासन्‌तास वाळत नाही. बाहेरून कितीही पुसा, त्याला हात लागत नाही.

तरी इथेच थांबलो नाही. कव्हरशिवाय, पण वाढवलेली संवेदनशीलता तशीच ठेवून मिठाचं पाणी परत ओघळू दिलं. आकडे उमटले, पण आधीपेक्षा बरेच कमी. ती सेटिंग बंद करून तेच केलं, तेव्हा फक्त पाण्याचा सलग थर कडेपर्यंत पोचल्यावर अधूनमधून एखादा आकडा आला आणि पुसताच थांबला. म्हणजे गुन्हेगार दोन होते आणि एकानं दुसऱ्याला बोलावलं होतं: कव्हरमुळे टच मंद झाला, टच मंद झाला म्हणून संवेदनशीलता वाढवली, आणि वाढलेल्या संवेदनशीलतेला कव्हरखालचा घाम बोट वाटू लागला. डिस्प्ले बदलला असता, तरी हीच साखळी नव्या डिस्प्लेवर चालू राहिली असती.

केलेली कार्यवाही

घड्याळ साध्या पाण्याखाली धुतलं, कडेतलं मीठ मऊ ब्रशनं काढलं, पूर्ण वाळवलं आणि कोरडं असतानाच रीस्टार्ट केलं. साबण वापरला नाही. काचेवर तेल-पाणी झटकणारा अगदी पातळ लेप असतो, त्यामुळे पाणी थेंबाथेंबानं गोळा होतं. साबणाची किंवा सनस्क्रीनची पुटं चढली, लेप झिजला, की तेच पाणी सलग थर होऊन पसरतं, आणि थर हाच तर खरा त्रास. म्हणून सनस्क्रीन लावलेल्या बोटानं स्क्रीन हाताळायची नाही, हेही ठरलं.

संवेदनशीलता मूळ जागी आणली. स्पर्शानं स्क्रीन जागी होण्याची सोय बंद केली. हात वर करून किंवा बटणानं ती जागी होतेच, आणि स्क्रीन झोपलेली असताना घामानं ती उठवायचं कारण नाही.

घड्याळ मनगटाच्या हाडावरून बोटभर वर सरकवलं. त्यामुळे हात वाकल्यावर ओला पंजा काचेला लागणं थांबलं. घड्याळाच्या वर, कोपराच्या बाजूला, टेरीचा साधा रिस्टबँड घातला. या सगळ्यात स्वस्त उपाय हाच होता आणि आपल्या हवेत तो सर्वांत जास्त कामाला आला. घाम घड्याळापर्यंत पोचण्याआधीच त्यात मुरतो. मात्र तासाभरात तो चिंब होतो, म्हणून लांब पल्ल्याला दुसरा जवळ हवा.

शेवटी लॉक. धावणं सुरू केलं की पाण्याचा लॉक लावायचा, ही सवय केली. हा लॉक प्रत्येक घड्याळात वेगळ्या जागी असतो. ॲपल वॉचमध्ये कंट्रोल सेंटरमधलं थेंबाचं चिन्ह दाबायचं आणि उघडताना डिजिटल क्राउन दाबून धरायचा. गॅलेक्सी वॉचमध्ये वरून खाली ओढून येणाऱ्या पॅनेलमधलं थेंबाचं चिन्ह, उघडताना होमचं बटण दाबून धरायचं. गार्मिनच्या फोररनर २६५ सारख्या घड्याळांत धावताना टच बंद ठेवण्याची वेगळी सेटिंग असते आणि सगळं काम बटणांवर होतं.

लॉक लावला की बोटानं स्क्रीन सरकवता येत नाही. म्हणून ताईंनी अंतर, वेग, वेळ आणि हृदयाचे ठोके हे चारही आकडे एकाच स्क्रीनवर घेतले आणि दर किलोमीटरला आपोआप लॅप नोंदवणं चालू केलं. संकटात मदत बोलावण्याचं बटण लॉक असतानाही चालतं का, हे त्यांनी घरी बसून तपासलं. बाई पहाटे जंगलाच्या कडेनं एकटी धावते, तिनं ही तपासणी रस्त्यावर करायची नसते.

परिणाम

पुढच्या रविवारपासून आपोआप पॉज होणं आणि फोन लागणं बंद झालं. मुद्दाम एका रविवारी लॉक न लावता धावायला सांगितलं, कारण मूळ दुरुस्ती किती टिकते ते बघायचं होतं. त्या दिवशी एकदाच स्क्रीन सरकली, तीही रिस्टबँड भिजून गेल्यावर. नोंद शाबूत राहिली.

एक अडचण उरली. धावणं संपलं की लॉक उघडून ‘जतन करा’ दाबावं लागतं आणि तेव्हा बोटही ओलं, काचही ओली. यासाठी छोट्या झिपच्या पिशवीत मायक्रोफायबरचा कोरडा तुकडा ठेवायचं ठरलं. आधी काच पुसायची, मग कड, मग बोटाचं टोक, आणि मगच लॉक उघडायचा. कड पुसणं विसरलं तर थर परत कडेशी जोडला जातो. नोंद थांबवायला बटणांची सोय असेल तर तीच वापरावी. ॲपल वॉचमध्ये, उदाहरणार्थ, दोन्ही बटणं एकदम दाबली की व्यायाम पॉज होतो.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिली चुकामूक सेवा केंद्रातच झाली. तक्रार ओल्या घड्याळाची होती आणि तपासणी कोरड्या घड्याळाची झाली. कॅल्क्युलेटरवर आपोआप आकडे उमटतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ ताईंकडे असता, तर बोलणं वेगळं झालं असतं. तिथे कव्हर काढून बघायला कुणी सांगितलं नाही. खरं तर टचच्या कुठल्याही तक्रारीत पहिली पायरी तीच असायला हवी.

दुसरी जागा कव्हर घेतानाची. टच मंद झाला तेव्हाच ते कव्हर परत करायला हवं होतं. संवेदनशीलता वाढवणं सोपं होतं आणि त्या दिवशी बरोबरही वाटलं, पण एक दोष दुसऱ्या सेटिंगखाली दडला आणि चार महिन्यांनी वेगळ्याच रूपात वर आला.

तिसरी जागा आमच्या चाचणीतली. लॉक आधीच लावून बसलो असतो, तर कव्हरखालचं मीठ आणखी महिने तसंच राहिलं असतं. म्हणून आधी कारण आणि नंतर लॉक, हा क्रम मी पुन्हाही बदलणार नाही.

डिस्प्ले बदलणं योग्य ठरतं अशा खुणाही आहेत. कव्हर नाही, काच पूर्ण कोरडी, घड्याळ हातातही नाही, तरी एकाच पट्ट्यात आकडे उमटत असतील तर दोष आतला आहे. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर पाणी आत शिरलं आहे, घड्याळ बंद करून लगेच दाखवावं. स्क्रीन एका कडेनं उचललेली वाटली तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा ते चार्जिंगला लावूही नये आणि हातात घालूही नये. फक्त चार्जिंगवर असतानाच खोटे स्पर्श होत असतील, तर आधी दुसरा चांगला चार्जर लावून बघावा.

ताईंना काचेला संरक्षण तरीही हवं होतं, आणि दाराच्या अनुभवानंतर ते साहजिक होतं. त्यांनी पूर्ण पृष्ठभागाला चिकटणारी पातळ फिल्म लावली, जिच्यात खाली फट राहत नाही. फक्त कडेला गोंद असलेल्या काचा टाळल्या. फिल्म लावल्यावर तीच मिठाच्या पाण्याची चाचणी परत केली, संवेदनशीलता न वाढवता, आणि ती उतरली. आता दर महिन्याला त्या फिल्मची कड नखानं चाचपतात. कुठे उचललेली लागली की पुढच्या रविवारच्या आत ती बदलतात.